बॅचच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड आणि मित्राला करायची विनंती

शाळेच्या बॅचचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप बहुधा स्नेहसंमेलनाच्या निमित्ताने निघतो. दहावीला पंचवीस वर्षे झाली की कोणीतरी नंबर गोळा करतो, साठ-सत्तर जण जमतात, जुने फोटो पडतात, गुरुजींच्या आठवणी निघतात. कार्यक्रम उरकला की ग्रुप तसाच राहतो आणि बोलण्यासारखे हळूहळू संपते. ती रिकामी जागा एक-दोन जण फॉरवर्डांनी भरून काढतात. सुरुवात देवाच्या फोटोने आणि सुप्रभातने होते, निवडणूक जवळ आली की राजकीय व्हिडिओ येतात, आणि मग ‘आपला धर्म धोक्यात’ असल्याचे सांगणारे लांबलचक मजकूर. बाकीचे वाचत नाहीत, पण बोलतही नाहीत. मित्राला ‘हे थांबव’ म्हणण्याची वेळ येते ती इथे.

ज्याला सांगायचे, तो हे का करतो ते आधी समजून घ्यावे लागते. सकाळी सहाला उठून पाच ग्रुपना पाच गोष्टी पाठवणारा माणूस वाद घालायला बसलेला नसतो. त्याच्या लेखी ते रामराम घालण्यासारखे असते, आणि काही वेळा कर्तव्यही: ‘लोकांना कळायला हवे’ ही त्याची प्रामाणिक भावना असते. मजकूर त्याने लिहिलेला नसतो आणि बऱ्याचदा पूर्ण वाचलेलाही नसतो. व्हॉट्सअ‍ॅपवर याची खूण दिसते. पुढे ढकललेल्या संदेशावर एक बाण असतो. तोच संदेश मूळ पाठवणाऱ्यापासून पाच किंवा अधिक हात फिरून आला असेल, तर दुहेरी बाण दिसतो. दुहेरी बाण असलेल्या मजकुराला मित्राचे मत समजून त्याच्याशी भांडणे म्हणजे पोस्टमनशी पत्रातल्या मजकुरावरून वाद घालणे. अर्थात बाण नाही म्हणून मजकूर त्याचाच, असेही नाही. तो कॉपी करून नव्याने चिकटवला की खूण पुसली जाते.

हे बाण आणि त्यांच्या मर्यादा कुठून आल्या, याचा एक धागा महाराष्ट्रात आहे. 1 जुलै 2018 रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने पाच जणांना ठार मारले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजातले होते. त्या काळात देशात इतरत्रही अशा घटना घडल्या होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपने फॉरवर्डची खूण सुरू केली आणि भारतात एका वेळी पाचच चॅटना फॉरवर्ड करण्याची मर्यादा घालायला सुरुवात केली. एप्रिल 2020 पासून दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच चॅटला पाठवता येतो. पण ज्याला रोज सकाळी तेच करायचे असते, त्याला ही मर्यादा अडवत नाही. तो तीच क्रिया पाच वेळा करतो.

विनंती चुकते ती बहुधा जागेवरून. ग्रुपवरच ‘कृपया राजकीय पोस्ट टाकू नयेत’ असे लिहिले की साठ जणांसमोर एकाला टोकल्यासारखे होते. नाव घेतलेले नसले तरी रोख कोणाकडे आहे हे सगळ्यांना कळते. मग दोघे अंगठा दाखवतात, एक जण ‘देवाचे नाव घेणे राजकारण कधीपासून झाले?’ असे विचारतो, आणि मित्राला माघार घेणे अशक्य होते. चारचौघांत पडते घेण्यापेक्षा तो दुसऱ्या दिवशी दुप्पट पाठवतो. म्हणून हे एकट्याशी बोलायचे, तेही शक्यतो फोनवर. आणि बोलणारा त्याच्या जवळचा हवा. शाळेत ज्याच्या डब्यातले खाल्ले त्याचे म्हणणे खपते. बारा वर्षांनी प्रथमच फोन करणाऱ्याचे खपत नाही.

लेखी सांगायचे असेल तर एक बारीकशी चूक टाळावी. ग्रुपमधल्या संदेशावरून थेट खासगी उत्तर देण्याची सोय व्हॉट्सअ‍ॅपमध्ये आहे, आणि ती वापरण्याचा मोह होतो. पण तसे केले की तो मूळ संदेशही खासगी चॅटमध्ये वर चिकटून येतो, आणि बोलणे त्या मजकुराच्या खरे-खोटेपणावर घसरते. ‘यात चुकीचे काय आहे ते सांग’ असे उत्तर आले की विनंती बाजूला पडली म्हणायची. कोऱ्या चॅटमधून सुरुवात करणे बरे.

खरे-खोटे करणे हे वेगळे काम आहे, आणि ते या विनंतीत मिसळू नये. सुशिक्षित माणसे इथेच फसतात. एखादा व्हिडिओ जुना किंवा दुसऱ्या देशातला आहे हे पुराव्यानिशी दाखवले, तर मित्राला त्यातून एवढेच कळते की पुढच्या वेळी खरा व्हिडिओ पाठवायचा. ग्रुपची अडचण मात्र खऱ्या राजकीय व्हिडिओनेही तितकीच होते. विनंतीचा आधार ग्रुप कशासाठी आहे हा असावा; मजकूर कोणत्या पक्षाचा, कोणत्या धर्माचा, खरा की खोटा, हा नसावा. अपवाद एकच: ज्या संदेशाने आजच कोणाच्या जिवाला धोका होऊ शकतो, तो. मुले पळवणाऱ्यांची अफवा आली तर विनंतीची वाट न पाहता तिथल्या तिथे ती खोटी असल्याचे लिहावे आणि अ‍ॅडमिनला संदेश काढायला सांगावे.

एक उदाहरण पूर्ण पाहू. तालुक्याच्या एका शाळेची बॅच, ग्रुपवर चौसष्ट जण. मंगळवारी सकाळी सहा ते नऊ या वेळात एकाच मित्राचे अकरा फॉरवर्ड आले: चार देवांचे, पाच एका नेत्याची तारीफ करणारे, दोन दुसऱ्या धर्माबद्दलचे. सात वाजून वीस मिनिटांनी एका वर्गमैत्रिणीने वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे असल्याचे लिहिले होते. बहुतेकांनी ग्रुप म्यूट केलेला, उरलेल्यांनी न वाचता खाली सरकवलेला. दुपारपर्यंत तिला दोनच उत्तरे आली. संध्याकाळी पाठवणाऱ्याच्या बाकावर बसणाऱ्या जुन्या मित्राने त्याला फोन केला. हालहवाल झाल्यावर तो म्हणाला:

“अरे, सकाळचा तिचा मेसेज पाहिलास का? रक्तासाठी टाकला होता. मलाही दुपारी दिसला, तुझ्या व्हिडिओंच्या खाली गेला होता. एक सांगू? राजकारणाचं आणि धर्माचं आपल्या बॅचच्या ग्रुपवर नको टाकूस. मला वेगळं पाठव हवं तर. सणाच्या शुभेच्छा टाक, त्याला कोण नाही म्हणतंय?”

यात तक्रार एका दिवसाच्या एका घटनेवर उभी आहे; ‘तू नेहमीच’ हा शब्दप्रयोग कुठे नाही. काय थांबवायचे हे नेमके सांगितले आहे आणि काय चालेल हेही. ‘सगळ्यांनाच कंटाळा आलाय’ असे तो म्हणाला नाही, हे महत्त्वाचे. तसे म्हटले असते तर पाठीमागे आपल्यावर चर्चा झाली, हे मित्राच्या मनात बसले असते आणि त्याने आधी ‘कोण कोण बोललं?’ हेच विचारले असते. ‘मला वेगळं पाठव’ हे मात्र झेपत असेल तरच म्हणावे. मित्र ते खरेच पाळतो.

समोरून येणारी उत्तरे साधारण ठरलेली असतात. ‘नको असेल तर बघू नका’ याला उत्तर वरच्या घटनेतच आहे. ‘देवाचा फोटो टाकला तर काय बिघडलं?’ हा प्रश्न जास्त अवघड, कारण फोटोने खरोखर फारसे बिघडत नाही. गणपतीच्या फोटोला आणि शेजारच्या समाजाविरुद्धच्या मजकुराला एकाच मापाने मोजले तर मित्र दुखावतो, आणि ते रास्त असते. रोजचा फोटो जागा अडवतो. तो मजकूर माणसाला गप्प करतो. बॅचमधला एखादा मुसलमान किंवा ख्रिस्ती वर्गमित्र काही बोलत नाही, पुढच्या स्नेहसंमेलनाला येत नाही, आणि का आला नाही हे कोणी विचारत नाही. मित्राला हे त्या वर्गमित्राचे नाव घेऊन सांगता येते, पण त्याने तक्रार केली असे भासवू नये.

तिसरे उत्तर सर्वांत धारदार: ‘मग त्याला का नाही सांगितलं? तो रोज विरोधी पक्षाचं टाकतो तेव्हा चालतं?’ बहुतेक वेळा हा प्रश्न बरोबर असतो. आपल्या मताचे फॉरवर्ड डोळ्यांत खुपत नाहीत. दोन्ही बाजूंचे पाठवणारे असतील तर दोघांनाही त्याच आठवड्यात, त्याच शब्दांत सांगावे लागते, आणि आपल्या मताच्या मित्राला आधी. तसे केलेले नसेल तर फोन न केलेला बरा.

मित्र ‘बरं’ म्हणाला तरी दोन-चार दिवसांत एखादा फॉरवर्ड येतोच. तो मुद्दाम पाठवलेला असतो असे नाही. फॉरवर्ड करताना उघडणाऱ्या यादीत नेहमीचे आणि अलीकडचे चॅट वर असतात. बोट सवयीने बॅचच्या नावावर पडते. अशा वेळी खासगीत ‘चुकून आलं वाटतं’ एवढे लिहिले की तो स्वतःच काढून टाकतो; सगळ्यांसाठी डिलीट करायला साधारण दोन दिवसांची मुदत असते. पंधरवड्यानंतरही प्रमाण तेच राहिले, तर सवयीचा प्रश्न संपला आणि नकाराचा सुरू झाला.

त्यानंतरचे काम अ‍ॅडमिनचे. ग्रुपच्या माहितीत दोन ओळींचा नियम लिहिता येतो, आणि तो शांत काळात लिहावा. प्रचार सुरू झाल्यावर लिहिलेला नियम कोणत्या तरी पक्षाविरुद्धच वाटतो. 2022 पासून अ‍ॅडमिनला कोणाचाही संदेश सर्वांसाठी काढता येतो. अ‍ॅडमिनच्या मनात भीती असते ती कायद्याची. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने 2021 मध्ये स्पष्ट केले की सदस्याच्या आक्षेपार्ह संदेशासाठी, समान हेतू किंवा पूर्वनियोजन दिसत नसेल तर, केवळ अ‍ॅडमिन असल्यामुळे कोणी गुन्हेगार ठरत नाही. पाठवणाऱ्याची स्थिती वेगळी. समाजांत वैर पसरवणारा मजकूर भारतीय न्याय संहितेच्या कलम 196 खाली येऊ शकतो, आणि ‘मी फक्त पुढे ढकललं’ एवढ्यावर सुटका होईलच असे नाही. हे मित्राला सांगायचे तर काळजी म्हणून सांगता येते, धमकी म्हणून नाही. दोन्हींतला फरक आवाजात असतो, म्हणून पुन्हा फोनच.

मित्राला ग्रुपमधून काढणे हा शेवटचा उपाय आणि महागडा, कारण त्याच्याबरोबर दोघे-तिघे निघतात आणि दुसरा ग्रुप तयार होतो. काही बॅचेस याच वाटेने स्वतःहून जातात: जुना ग्रुप फक्त सूचनांसाठी ठेवून तिथे लिहिण्याचा अधिकार अ‍ॅडमिनपुरता करतात आणि गप्पांना वेगळा ग्रुप काढतात. ज्याला यातले काहीच नको, त्याला म्यूट आहे किंवा बाहेर पडणे आहे. 2022 पासून बाहेर पडल्याची सूचना फक्त अ‍ॅडमिनना जाते. मात्र ग्रुप सोडून गेलेल्यांची यादी साठ दिवस सर्वांना पाहता येते, आणि दहावीच्या बॅचमध्ये ती पाहणारा एक जण असतोच.