फाईल आपली, पण सर्व्हर म्हणतो परकी

एका लहानशा कार्यालयात लिनक्स सर्व्हरवर हिशेबाचं सामाईक फोल्डर आहे असं समजा. सर्व्हर लावताना आधी आशाचं खातं उघडलं, मग रवीचं. दोघांच्या फाईली त्याच फोल्डरमध्ये आहेत आणि प्रत्येकाला फक्त आपापल्या उघडता येतात. पुढे रवीला नवा लॅपटॉप मिळतो आणि तो ते फोल्डर नेटवर्कवरून जोडून घेतो. मग चमत्कारिक प्रकार घडतो. त्याला स्वतःची फाईल उघडता येत नाही, पडद्यावर Permission denied असं येतं. आशाची फाईल मात्र सहज उघडते.

यात व्हायरस नाही की पासवर्ड चुकलेला नाही. गडबड आहे ती आकड्यांची.

लिनक्सला माणसाचं नाव फक्त दाखवण्यापुरतं लागतं. फाईलचा मालक म्हणून डिस्कवर नोंदला जातो तो एक आकडा, म्हणजे युजर आयडी. उबंटूसारख्या प्रणालीत पहिल्या खात्याला 1000 मिळतो, पुढच्याला 1001. त्यामुळे सर्व्हरवर आशा 1000 आणि रवी 1001 झाला. लॅपटॉपवर मात्र रवीचं खातं पहिलंच, म्हणून तिथे तोच 1000. मॅकवर तर पहिलं खातं 501 पासून सुरू होतं, त्यामुळे मॅक आणि लिनक्स एकत्र आले की आकडे सहसा जुळतच नाहीत.

लिनक्समध्ये फोल्डर असं वाटून देण्यासाठी एनएफएस नावाची पद्धत वापरतात. सन मायक्रोसिस्टिम्सने ती 1980 च्या दशकात बनवली. तिच्या साध्या, आजही सर्रास चालणाऱ्या मांडणीत लॅपटॉप प्रत्येक मागणीबरोबर आपल्या वापरकर्त्याचा आकडा पाठवतो आणि सर्व्हर त्यावर विश्वास ठेवतो. रवीच्या लॅपटॉपने 1000 सांगितलं, सर्व्हरने आशा समजून दार उघडलं.

खात्री करून घेणं सोपं आहे. दोन्ही यंत्रांवर पहिली आज्ञा द्यायची आणि जोडलेल्या फोल्डरवर दुसरी:

```
id ravi
ls -ln /mnt/hisheb
```

पहिली आज्ञा रवीचा आकडा दाखवते. दोन्हीकडे तो वेगळा निघाला की दोष सापडला. दुसरी आज्ञा फाईलींच्या मालकांची नावं न दाखवता नुसते आकडे दाखवते. नावांवर भिस्त ठेवू नये, याला कारण आहे. एनएफएसच्या चौथ्या आवृत्तीत मालकांची नावंही पाठवता येतात. तेव्हा यादीत ‘रवी’ असं बरोबर दिसतं, पण साध्या मांडणीत परवानगी तपासली जाते ती आकड्यावरूनच.

अशा वेळी बहुतेकांचा हात sudo कडे जातो. रूट म्हणजे यंत्राचा सर्वाधिकारी, त्याला कोण अडवणार? पण रूटलाही तेच उत्तर मिळतं. रूटचा आकडा 0 असतो आणि लिनक्सचा एनएफएस सर्व्हर मुळातच हा 0 आला की त्याच्या जागी 65534 धरतो. हा आकडा nobody या नावाच्या, कुठलेच खास अधिकार नसलेल्या खात्याचा. यालाच रूट स्क्वॅश म्हणतात. त्यामुळे sudo लावलेल्या रवीचे या फोल्डरमधले अधिकार वाढत तर नाहीतच, उलट आशाची जी फाईल चुकून उघडत होती तीही बंद होते.

इथे वैतागून सर्व्हरच्या /etc/exports फाईलमध्ये no_root_squash लिहिण्याचा मोह होतो. तसं केलं, तर लॅपटॉपवर ज्याच्या हाती रूट आहे तो त्या फोल्डरमध्ये रूटच्या मालकीचा, रूटच्या अधिकाराने चालणारा प्रोग्राम ठेवू शकतो. मग सर्व्हरवरचं एखादं साधं खातं तो प्रोग्राम चालवून सगळ्या सर्व्हरचा ताबा घेऊ शकतं. फाईलींना 777 परवानगी देणं हाही उपाय नव्हे. त्याने रवीची अडचण सुटते, पण हिशेब सगळ्यांनाच खुला होतो.

खरा उपाय आकडे जुळवण्याचा. रवीने लॅपटॉपवरून लॉगआउट करायचं आणि दुसऱ्या प्रशासक खात्यातून त्याचा आकडा बदलायचा:

```
sudo usermod -u 1001 ravi
```

ही आज्ञा त्याच्या होम फोल्डरमधल्या फाईलींची मालकीही बदलते, बाहेरच्या फाईलींची मात्र हाताने बदलावी लागते. त्याआधी लॅपटॉपवर 1001 दुसऱ्या कोणाला दिलेला नाही, हे पाहून घ्यावं. यंत्रं वाढली की हे हाताने सांभाळणं कठीण जातं. म्हणून मोठ्या संस्था सगळी खाती एलडॅपसारख्या एकाच मध्यवर्ती नोंदीत ठेवतात आणि तिथला आकडा सगळीकडे लागू होतो.

मात्र आकडे जुळले म्हणजे आशाच्या फाईली सुरक्षित झाल्या असं नाही. रूट स्क्वॅश फक्त 0 हा आकडा अडवतो. ज्याच्याकडे लॅपटॉपचा रूट आहे, तो तिथे 1000 आकड्याचं नवं खातं उघडून पुन्हा आशा बनू शकतो आणि सर्व्हरला पत्ताही लागत नाही. ते थांबवायचं असेल तर सर्व्हरवर sec=krb5 लावून केर्बेरोस आणावं लागतं. मग नुसता आकडा पुरत नाही. आपण कोण हे आशाला आणि रवीला आपापल्या पासवर्डच्या बळावर सिद्ध करावं लागतं.