पायरीवर वळणाऱ्या लाटा

तरंगटाकीच्या प्रयोगात विद्यार्थी लाटांचे चित्र भराभर काढतात आणि निरीक्षण तक्त्यापाशी अडखळतात. या प्रयोगाची खरी गंमत तक्त्यात आहे, म्हणून मी तिथेच जास्त रेंगाळणार आहे.

मांडणी साधी आहे. काचेच्या तळाचे उथळ तबक, त्यात १० मिलिमीटर पाणी, वर दिवा आणि खाली पांढरा कागद. मोटारीने थरथरणारी पट्टी पाण्याला स्पर्श करते आणि सरळ लाटा निघतात. प्रत्येक लाटेचा माथा भिंगासारखा प्रकाश गोळा करतो, म्हणून कागदावर उजळ रेघा उमटतात. या रेघा म्हणजे तरंगाग्रे. आता तबकात ८ मिलिमीटर जाडीची काच ठेवली, की तिच्यावर फक्त २ मिलिमीटर पाणी उरते. काचेची कड हीच आपली पायरी.

कड तरंगाग्रांना समांतर असेल, तर उथळ पाण्यात रेघा नुसत्या जवळजवळ येतात. काच थोडी फिरवली की रेघेचे एक टोक उथळ पाण्यात आधी शिरते आणि मंदावते. दुसरे टोक अजून खोल पाण्यात वेगाने पुढे जात असते. त्यामुळे कडेपाशी रेघ मोडल्यासारखी वळते. हेच अपवर्तन.

पट्टी सेकंदाला १० वेळा हलत असताना मिळणाऱ्या तक्त्याचा हा नमुना:

| आपतन कोन i | अपवर्तन कोन r | sin i ÷ sin r |
|---|---|---|
| २०° | १५° | १.३२ |
| ३०° | २३° | १.२८ |
| ४०° | २९° | १.३३ |
| ५०° | ३६° | १.३० |

कोन बदलले, तरी शेवटचा रकाना १.३१ च्या आसपासच राहतो. त्यातला लहानसा चढउतार कोनमापकाचा आहे. r मोजताना अर्ध्या अंशाची चूक झाली, तरी ३०° च्या ओळीतले उत्तर सुमारे ०.०३ ने हलते. त्यामुळे १.२८ पाहून घाबरायचे कारण नाही, आणि तो आकडा खोडून १.३१ लिहिणे तर मुळीच योग्य नाही.

नेहमीची चूक वेगळीच असते. कोन तरंगाग्र आणि कड यांच्यामधला मोजायचा. किरण आणि स्तंभिका यांच्यातला कोनही तेवढाच असतो. पण कित्येक जण तरंगाग्र आणि स्तंभिका यांच्यातला कोन घेतात. मग ३० आणि २३ ऐवजी ६० आणि ६७ हे आकडे येतात आणि भागाकार ०.९४ होतो. पुढच्या ओळींत तो ०.८८, ०.७९ असा घसरत जातो. भागाकार एकापेक्षा कमी आणि ओळीगणिक बदलणारा दिसला, की चूक कोणती ते ओळखावे.

आता दुसरा पुरावा, लांबीचा. कागदावरची सावली मोठी असते, म्हणून तबकात पट्टी ठेवून सावली किती पट होते ते आधी पाहायचे. समजा ती दीडपट आहे. एकेक रेघ मोजण्यापेक्षा पाच अंतरे एकत्र मोजावीत. खोल भागात ती १७.७ सेंटिमीटर भरली, तर खरी तरंगलांबी २.३६ सेंटिमीटर, उथळ भागात १३.५ भरली, तर १.८० सेंटिमीटर. दहाने गुणले की वेग मिळतात: २३.६ आणि १८.० सेंटिमीटर प्रतिसेकंद. त्यांचे गुणोत्तर पुन्हा १.३१! कोनमापकाने आणि फूटपट्टीने वेगवेगळ्या वाटांनी एकच उत्तर दिले.

दोन्हीकडे दहानेच का गुणायचे? कडेवर माथे हरवत नाहीत आणि नवे तयारही होत नाहीत. सेकंदाला दहा आले, तर दहाच पुढे जातात. स्ट्रोबोस्कोपच्या एकाच गतीला दोन्ही बाजूंच्या रेघा थांबलेल्या दिसतात, हा त्याचा डोळ्यांदेखतचा पुरावा.

हुशार विद्यार्थी इथे एक शंका काढतो. उथळ पाण्यातला वेग √(gh) असतो, असे पुस्तक सांगते. मग १० आणि २ मिलिमीटरसाठी गुणोत्तर √५, म्हणजे २.२४ यायला हवे होते! शंका रास्त आहे. पण ते सूत्र तरंगलांबी खोलीच्या कितीतरी पट असेल तेव्हाच लागू पडते. कोकणच्या किनाऱ्यावर दोन-तीन मीटर पाण्यात शिरणाऱ्या लांबलचक लाटांना ते चालते. म्हणून तर तिरक्या येणाऱ्या लाटाही वाळूपाशी किनाऱ्याला जवळजवळ समांतर होतात. टाकीत मात्र २.३६ सेंटिमीटरच्या लाटेखाली १ सेंटिमीटर पाणी आहे. तिला तळ जेमतेम जाणवतो. शिवाय इतक्या बारीक लाटांना पृष्ठताणही ओढत असतो, आणि त्यामुळे उथळ भागातला वेग √(gh) ने येणाऱ्या १४ वरून १८ वर जातो.

हे पडताळायचे असेल, तर मोटार मंद करून सेकंदाला ५ कंपनांवर आणावी. लाटा लांब होतात, तळाचा धाक वाढतो आणि तेच पाणी, तीच काच असताना गुणोत्तर १.८ च्या जवळ जाते. तेव्हा तक्त्याच्या डोक्यावर दोन्ही खोल्यांबरोबर वारंवारताही लिहावी. ती नसेल, तर शेवटच्या रकान्यातला आकडा कशाचा, हे कुणालाच सांगता येणार नाही.