नोव्हेंबरचे सोळा दिवस

खोटं अनुभवपत्र तयार करायला आता फारसे कष्ट पडत नाहीत. कंपनीचा लोगो नेटवर मिळतो, शिक्का दोन तासांत बनवून मिळतो आणि पत्रावरच्या नंबरावर फोन केला तर कधी कधी ‘एचआर’ म्हणून उमेदवाराचा मित्रच बोलतो. त्यामुळे निवड झालेल्या उमेदवारांची पार्श्वभूमी तपासण्याच्या आमच्या कामात पत्र बाजूला ठेवून आधी पैशाच्या नोंदी उघडायची पद्धत पडली आहे. पुण्यात आयटीतल्या भरतीमुळे हे काम बारमाही चालतं.

या नोंदी मुख्यतः दोन. एक भविष्यनिर्वाह निधीचं पासबुक आणि दुसरी आयकर खात्याची फॉर्म २६ एएस. पहिली कंपनीने दरमहा भरलेल्या वर्गणीवरून तयार होते, दुसरी कापलेल्या कराच्या तिमाही विवरणपत्रांवरून. खाती वेगळी, भरणाऱ्या यंत्रणा वेगळ्या, आणि दोन्हींत उमेदवाराला स्वतःच्या हाताने रक्कम लिहिता येत नाही. अर्थात त्यांची पीडीएफ बदलता येतेच. म्हणून आम्ही ईमेलने आलेली प्रत पुरेशी धरत नाही. उमेदवार स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन लॉगिन करतो, व्हिडिओ कॉलवर स्क्रीन दाखवतो आणि आम्ही शेजारी प्रत ठेवून ओळी जुळवतो. पासवर्ड मागायचा नाही, हा नियम. मला विचाराल तर २६ एएस पूर्ण मागवणंसुद्धा चूक आहे. त्यात बँकेच्या व्याजावरचा कर आणि घराचा व्यवहारही दिसू शकतो. त्याचा नोकरीशी काय संबंध?

एका टेस्टिंग इंजिनिअरचं प्रकरण सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. त्याने अर्जात लिहिलं होतं : पहिली कंपनी जुलै २०१८ ते ३१ मे २०२१, दुसरी ७ जून २०२१ पासून. मधे जेमतेम आठवडा. पहिल्या कंपनीचं रिलीव्हिंग लेटर जोडलेलं, सही-शिक्क्यासह.

पासबुकात पहिल्या कंपनीची वर्गणी सुरळीत होती. पीएफसाठी धरलेला पगार १८,००० रुपये, त्याचे १२ टक्के म्हणजे दरमहा २,१६०. फक्त मे, जून आणि जुलै २०२० या तीन महिन्यांत १,८००. नवख्याला इथे शंका येते, पण उलट हीच ओळ खरेपणाची खूण असते. कोविडच्या काळात सरकारने त्या तीन महिन्यांच्या पगारापुरता वर्गणीचा दर १० टक्क्यांवर आणला होता. बनावट पासबुक करणारा एकच आकडा खालपर्यंत ओढत नेतो, त्याला हे आठवत नाही. काही कंपन्यांनी तेव्हाही १२ टक्केच भरले, त्यामुळे निव्वळ यावर कुणाला खोटं ठरवता येत नाही.

शेवटची ओळ मात्र थांबून वाचावी लागली. तपशिलात होतं `Cont. For Due-Month 122020`. घाईत वाचणारा याचा अर्थ डिसेंबर लावतो. वर्गणी भरायची मुदत पुढच्या महिन्याच्या १५ तारखेची असते, म्हणून ही ओळ नोव्हेंबरच्या पगाराची. तिच्यातला पगार १८,००० नव्हता, ९,६०० होता आणि वर्गणी १,१५२. अठरा हजारांना तीसने भागा, सोळाने गुणा, ९,६०० येतात. म्हणजे नोव्हेंबरचे सोळा दिवस. एवढ्यावरून तो सोळा तारखेला बाहेर पडला असं म्हणता येत नाही, कारण बिनपगारी रजेनेही आकडा असाच घटतो. पण रजा असती तर डिसेंबरच्या पगाराची ओळ आली असती. ती नव्हती, आणि पुढची नोंद थेट ऑगस्ट २०२१ची, दुसऱ्या कंपनीची, म्हणजे अर्जातली जूनची तारीखही जुळत नव्हती.

सर्व्हिस हिस्टरीत `DOE EPF` या रकान्यात ३० नोव्हेंबर २०२० होतं. या तारखेवर मी फार विसंबत नाही. २०२० पासून कर्मचाऱ्याला नोकरी सोडल्याची तारीख स्वतः नोंदवता येते. पण शेवटची वर्गणी ज्या महिन्याची, त्या महिन्यातलीच तारीख घेतली जाते. त्यामुळे दिवस मागेपुढे होईल, मे २०२१ मात्र होणार नाही.

मग २६ एएस. त्यात वर्षं कर-निर्धारणाची असतात, म्हणून २०२०-२१ची कमाई २०२१-२२च्या पानावर शोधायची. पहिल्या कंपनीच्या नावाखाली कलम १९२, म्हणजे पगारावरची कपात, एप्रिल ते नोव्हेंबर. आणि नंतर एकटीच एक ओळ, जानेवारी २०२१ची, ४१,००० रुपयांची. उमेदवाराची बाजू घ्यायची तर इथे म्हणता आलं असतं की बघा, जानेवारीत पगार आहे. पण त्या महिन्याची पीएफ वर्गणी नव्हती. अखेरच्या हिशोबात शिल्लक रजेचे पैसे उशिरा मिळाले की अशी ओळ उमटते, आणि रजेच्या त्या पैशांवर पीएफ कापला जात नाही.

त्याखाली आणि पुढच्या वर्षाच्या पानावर एका छोट्या फर्मच्या नोंदी होत्या, दरमहा ४०,०००, जानेवारी ते जून २०२१, कलम १९४ जे. हे व्यावसायिक शुल्काचं कलम. मार्चपर्यंत कर ३,००० आणि एप्रिलपासून ४,०००. हाही त्या काळाचाच ठसा : पगाराखेरीज इतर बहुतेक देण्यांवरची कपात ३१ मार्च २०२१पर्यंत पाव हिश्शाने कमी केली होती, त्यामुळे दहाऐवजी साडेसात टक्के. म्हणजे माणूस सहा महिने रिकामा नव्हता, फ्रीलान्स काम करत होता, आणि तेच त्याने लपवलं होतं.

आम्ही पहिल्या कंपनीला लिहून विचारलं. उत्तर आलं, कामाचा शेवटचा दिवस १६ नोव्हेंबर. मग उमेदवाराला फोन केला. तो काही क्षण गप्प राहिला आणि म्हणाला, “मॅडम, गॅप दिसला की फोनच येत नाहीत. म्हणून जोडून टाकलं.” अहवालात आम्ही गॅप, फ्रीलान्स काम आणि न जुळणारं पत्र हे तीन वेगवेगळे मुद्दे लिहिले. ग्राहक कंपनीने नोकरी नाकारली ती पत्रामुळे. तिथल्या एचआर प्रमुखांनी सांगितलं की नऊ महिन्यांची फट त्यांनी मान्य केली असती, आणि मला ते पटलं. २०२०-२१ मध्ये फट नसलेलेच कमी.

नोंद नसणं आणि खोटं असणं यांत मोठा फरक आहे. वीसपेक्षा कमी माणसांच्या आस्थापनेला पीएफ कायदा सहसा लागू होत नाही. पहिल्यांदाच नोकरीला लागणाऱ्याचा मूळ पगार १५,००० रुपयांच्या वर असेल तर त्याला पीएफबाहेर राहता येतं. काही मोठ्या कंपन्यांचे स्वतःचे ट्रस्ट असतात, त्यांची वर्गणी नेहमीच्या पासबुकात दिसत नाही. थर्ड पार्टी पेरोलवर असलेला माणूस वर्षानुवर्षं एका कंपनीत बसतो आणि नोंदींत नाव येतं एजन्सीचं. काही मालक तर पगारातून पीएफ कापतात आणि भरतच नाहीत. तिथे पासबुक कोरं असतं आणि माणूस खरा असतो. अशा वेळी बँकेतल्या पगाराच्या जमा मागवाव्यात.

२६ एएसची ताकदही आता घटते आहे. २०२५-२६पासून नव्या करप्रणालीत १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही, पगारदाराला प्रमाणित वजावटीसह १२ लाख ७५ हजारांपर्यंत. करच कापला नाही तर दरमहाच्या कपातीचा माग कसा मिळणार? तीन-चार वर्षांच्या अनुभवाच्या बऱ्याच मुलांच्या बाबतीत यापुढे पीएफवरच भिस्त राहील.

नोकरी बदलणाऱ्यांना एवढंच सांगणं आहे : अर्ज करण्याआधी स्वतःची सर्व्हिस हिस्टरी उघडा. रुजू होण्याची किंवा सोडण्याची तारीख चुकली असेल तर जुन्या कंपनीकडून आधी दुरुस्त करून घ्या, आणि फट असेल तर अर्जातच लिहा. तपासणारा ती पाहणारच आहे.