मोडी कागदांसाठी मॉडेलची शिकवणी

मोडी कागदांचे पुसट स्कॅन तयार सुपर-रिझोल्यूशन मॉडेलने मोठे केले, तर कडा गुळगुळीत होतात, पण अक्षराची बारीक गाठ बुजते आणि वाचन बदलतं. म्हणून त्याला मोडीच्याच जोड्या दाखवून पुढे शिकवायचं: एकच पान जुन्या स्कॅनरवर १५० डीपीआयने आणि नव्यावर ६०० ने. चांगलं चित्र नुसतं लहान करून जोडी करू नये. अशा जोड्यांवर शिकलेलं मॉडेल खऱ्या स्कॅनमधल्या डागांपुढे आणि जेपीईजीच्या चौकटींपुढे अडखळतं. दोन्ही स्कॅन काटेकोर जुळवावेत. एखादा-दुसरा पिक्सेल इकडेतिकडे सरकत राहिला, की मॉडेल सरासरी काढून धूसर रेघच शिकतं. शेवटी, शिकवताना न वापरलेली पानं मोडी वाचणाऱ्याला दाखवावीत. पीएसएनआरचा आकडा वाढला, तरी मुळात नसलेला फराटा उमटलेला असू शकतो; तो त्यालाच दिसेल.