सुगंध अजून लागायचाच आहे

अगरबत्ती कारखान्याचा दुसरा विभाग कच्च्या काड्या वाळवतो आणि काम ७० टक्के झाल्यावर त्यांना सुगंधी द्रव्य लावतो. काल्पनिक आकडे घेऊ. सुरुवातीचा साठा नाही. पहिल्या विभागातून १,००० गड्ड्या आल्या, त्यांचा खर्च ५०,००० रुपये. महिनाअखेरीस ८०० तयार झाल्या, २०० निम्म्यावर आहेत. दुसऱ्या विभागात सुगंधावर ८,००० आणि मजुरी व इतर प्रक्रियेवर १८,००० रुपये लागले.

मागून आलेला खर्च सर्व १,००० गड्ड्यांवर पडतो : ५० रुपये. प्रक्रियेची समतुल्य एकके ९००, म्हणून २० रुपये. सुगंध मात्र ८०० गड्ड्यांनाच लागला, म्हणून १० रुपये. तयार माल ६४,००० रुपयांचा. अपुऱ्या मालावर १०,००० अधिक २,०००, म्हणजे १२,००० रुपये, सुगंधाचे शून्य.

चूक नेमकी इथेच होते. सुगंध १,००० गड्ड्यांवर वाटला, तर तयार मालाचे १,६०० रुपये अपुऱ्या मालावर सरकतात. बेरीज तरीही ७६,०००च येते, त्यामुळे ताळा काहीच सांगत नाही. अपुऱ्या मालाच्या मूल्यात सुगंधाची रक्कम आहे का, हे वेगळे पाहावे लागते.