पत्ता तोच, पेटी दुसरी

एखाद्या मध्यम आकाराच्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली ही खोली डोळ्यांसमोर आणू. यूपीएसच्या बॅटऱ्यांशेजारी दहा-बारा वर्षांपूर्वीचा एक सर्व्हर घरघरत उभा आहे. प्राध्यापक, कार्यालय, विद्यार्थी, सगळ्यांची मेल त्याच्यावरूनच येते-जाते. त्यावरच्या सेंटओएस ७ या प्रणालीला ३० जून २०२४ नंतर सुरक्षेच्या दुरुस्त्या मिळणं थांबलं आहे. आयटी प्रशासक मेल बाहेरच्या सेवेकडे नेण्याचा प्रस्ताव घेऊन प्राचार्यांकडे जातो, तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो: "चाललंय ना? मग कशाला हात लावायचा?"

चाललंय असं दिसतं, हीच खरी अडचण आहे.

एखाद्या प्राध्यापकांनी फसव्या लिंकवर पासवर्ड टाकला, की त्यांच्या खात्यातून एका रात्रीत हजारो जाहिराती बाहेर पडतात. सर्व्हरचा आयपी पत्ता जागतिक काळ्या यादीत जातो. दुसऱ्या दिवशी प्रवेशाची पत्रं निघतात, आपल्या सर्व्हरच्या नोंदवहीत 'sent' असं उमटतं आणि पालक फोनवर सांगतात, "काहीच आलं नाही हो." पत्र त्यांच्या स्पॅममध्ये पडलेलं असतं. त्यातच फेब्रुवारी २०२४ पासून जीमेल आणि याहूने पाठवणाऱ्यांसाठी ओळखपत्राचे नियम कडक केले. ते पाळायचे तर कुणीतरी रोज लक्ष ठेवायला हवं आणि महाविद्यालयात हा माणूस बहुधा एकच असतो. तोच प्रोजेक्टरही दुरुस्त करतो.

समजा, प्रस्तावात गूगलची शैक्षणिक सेवा सुचवली आहे. पात्र संस्थांना तिची मूळ आवृत्ती विनाशुल्क मिळते आणि १०० टेराबाइट जागा सगळ्यांत मिळून वापरायची असते. म्हणजे पैशांचा वाद फारसा उरत नाही, उरतं ते स्थलांतर. जुनी मेल हलवायला imapsync हे साधन वापरलं, तर ते दोन्हीकडच्या पेट्या उघडून एकेक संदेश पलीकडे ठेवत जातं. पण जीमेल या मार्गाने एका खात्यात दिवसाला साधारण ५०० मेगाबाइटच घेतं. विभागप्रमुखांची पेटी १२ जीबीची असेल, तर एकट्या त्यांनाच २४ दिवस लागतात! म्हणून नव्या सेवेवर खाती आधीच उघडायची आणि नवी मेल जुन्याच सर्व्हरवर येत असताना मागून महिनाभर नक्कल चालू ठेवायची. एकदा गेलेला संदेश हे साधन पुन्हा पाठवत नाही, त्यामुळे शेवटच्या रात्री फक्त उरलंसुरलं न्यावं लागतं.

प्रत्यक्ष बदल एका ओळीचा असतो. आपल्या डोमेनची मेल कुठे टाकायची हे जगाला सांगणारी एमएक्स नोंद बदलून तिथे smtp.google.com लिहायचं. मात्र ही नोंद इतर सर्व्हर आपल्याजवळ साठवून ठेवतात. तिची मुदत ८६,४०० सेकंद असेल, तर काहींची मेल आणखी दिवसभर जुन्या पेटीत पडत राहते. म्हणून दोन दिवस आधीच ती मुदत ३०० सेकंदांवर आणतात. आणि त्याआधी डोमेनचा पासवर्ड कुणाकडे आहे ते शोधतात. तो तीन वर्षांपूर्वी नोकरी सोडून गेलेल्या गृहस्थांकडे निघाला, तर तिथेच आठवडा जातो.

इतकं सगळं नीट होऊनही एक सापळा उरतो. फीच्या पावत्या पाठवणारी कार्यालयाची प्रणाली अजून जुन्या सर्व्हरमार्फतच मेल पाठवत असते. जुना सर्व्हर मात्र अजूनही समजतो, की महाविद्यालयाचं डोमेन आपलंच आहे. विद्यार्थ्याच्या महाविद्यालयीन पत्त्यावरची पावती तो एमएक्स नोंद न पाहताच स्वतःच्या डिस्कवर ठेवून देतो. चुकीचा संदेश कुठेच येत नाही आणि ती पेटी आता कुणीच उघडत नाही. ओळखायची खूण एकच: बदलानंतरही जुन्या नोंदवहीत 'sent' दिसतं आणि पुढे स्थानिक पेटीचं नाव असतं. उपाय सोपा आहे. सर्व्हरच्या स्थानिक डोमेनांच्या यादीतून ते नाव काढायचं आणि ओळखपत्राच्या नोंदीत काही दिवस दोघांनाही परवानगी ठेवायची:

```
v=spf1 ip4:203.0.113.25 include:_spf.google.com ~all
```

इथला आकड्यांचा पत्ता नमुन्याचा आहे. पावत्याही नव्या मार्गाने जाऊ लागल्या, की तो तुकडा खोडायचा, नाहीतर एका निवृत्त यंत्राला महाविद्यालयाच्या नावाने पत्रं पाठवायची मुभा तशीच राहते.

प्रस्तावाच्या शेवटच्या पानावर प्रशासकाने नव्या सेवेची एक उणीव लिहिलेली असावी. वापरकर्त्याच्या कचरापेटीतूनही गेलेली मेल प्रशासकाला पुढचे २५ दिवसच परत आणता येते. लेखा विभाग तीन वर्षांपूर्वीचं निविदेचं पत्र मागेल, तेव्हा ही मुदत कामाची नाही. त्यासाठी जुन्या डिस्कची एक प्रत कुलसचिवांच्या कपाटात राहील आणि नोंदवहीत सलग दोन आठवडे एकही नवी ओळ आली नाही, तरच त्या सर्व्हरची वायर निघेल.