शून्यांना जागा न देणारी साखळी

5x¹⁰⁰⁰ + 3x⁴ − 2x + 7 या बहुपदीत पदे चारच आहेत. पण ती साध्या ॲरेमध्ये ठेवायची, म्हणजे घातांक हाच ॲरेचा क्रमांक धरायचा, तर ० ते १००० असे १००१ रकाने लागतात. एका पूर्णांकाला ४ बाइट धरले तर ४००४ बाइट, आणि त्यातल्या ९९७ रकान्यांत नुसते शून्य. संगणकशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना डेटा स्ट्रक्चर्सच्या प्रयोगशाळेत हाच प्रश्न लिंक्ड लिस्टने सोडवायला देतात. त्यानंतर बहुतेक वेळा विरळ मॅट्रिक्सचा, म्हणजे बरेचसे घटक शून्य असलेल्या मॅट्रिक्सचा प्रयोग येतो. वहीत हे दोन वेगळे प्रयोग असले तरी मुळात रीत एकच आहे.

लिंक्ड लिस्टमध्ये शून्य नसलेल्या प्रत्येक पदासाठी एक नोड असतो. नोडमध्ये सहगुणक, घातांक आणि पुढच्या नोडचा पत्ता ठेवलेला असतो.

```c
struct term {
    int coef, exp;
    struct term *next;
};
```

नोड घातांकाच्या उतरत्या क्रमाने जोडायचे, ही अट पुढच्या साऱ्या कामाचा पाया आहे. वरची बहुपदी A मानू आणि तिच्यात B = 4x⁵⁰ − 3x⁴ + 2x + 1 मिळवू. दोन्ही साखळ्यांच्या पहिल्या नोडवर एकेक पॉइंटर ठेवायचा आणि दोन घातांकांची तुलना करायची. १००० मोठा आहे, म्हणून 5x¹⁰⁰⁰ उत्तराच्या साखळीत उतरवायचे आणि फक्त A चा पॉइंटर पुढे सरकवायचा. आता समोरासमोर येतात ४ आणि ५०, म्हणून 4x⁵⁰ उतरते आणि B चा पॉइंटर सरकतो. पुढे दोन्हीकडे घातांक ४ आहे. 3 आणि −3 यांची बेरीज शून्य, म्हणून उत्तरात नोड तयारच करायचा नाही, पण दोन्ही पॉइंटर मात्र सरकवायचे. x च्या पदांचेही तसेच होते. शेवटी 7 आणि 1 मिळून 8. उत्तर 5x¹⁰⁰⁰ + 4x⁵⁰ + 8, आणि तेही पाच फेऱ्यांत. ॲरेवर हीच बेरीज १००१ फेऱ्यांची झाली असती.

```c
while (a && b) {
    if (a->exp > b->exp) {
        t = attach(t, a->coef, a->exp); a = a->next;
    } else if (a->exp < b->exp) {
        t = attach(t, b->coef, b->exp); b = b->next;
    } else {
        s = a->coef + b->coef;
        if (s != 0) t = attach(t, s, a->exp);
        a = a->next; b = b->next;
    }
}
```

`attach` नवा नोड घेऊन उत्तराच्या शेवटाला जोडते आणि नव्या शेवटाचा पत्ता परत देते. हा लूप एक साखळी संपताच थांबतो. दुसरीत पदे उरली असतील तर ती जशीच्या तशी उतरवणारा आणखी एक लहान लूप लागतो, आणि नेमका तोच विसरला जातो. वरच्या उदाहरणात ही चूक दिसणारही नाही, कारण दोन्ही साखळ्या एकाच वेळी संपतात. B मधला शेवटचा 1 काढून टाकला की मात्र ती उघडी पडते, कारण उत्तरातून A चा 7 गायब होतो. पडताळणीचा सोपा उपाय x = 1 ठेवण्याचा आहे, म्हणजे सहगुणकांची नुसती बेरीज करायची. आता A ची बेरीज 13 आणि B ची 3, तेव्हा उत्तराची 16 यायला हवी. शेपूट विसरलेला प्रोग्राम 9 देतो.

ही पडताळणी सगळ्याच चुका पकडत नाही. पदे उलटसुलट क्रमाने भरली तर समान घातांक एकमेकांसमोर येतच नाहीत, आणि उत्तरात x⁴ ची दोन वेगळी पदे छापली जातात. सहगुणकांची बेरीज तरीही बरोबर निघते. शून्य सहगुणकाचा नोड चुकून तयार झाला तरी तेच. म्हणून उत्तराची साखळी एकदा चालून जाऊन दोन गोष्टी पाहाव्या लागतात: प्रत्येक घातांक आधीच्यापेक्षा लहान आहे ना, आणि एकही सहगुणक शून्य नाही ना.

आता मॅट्रिक्स. तिच्या एका ओळीत स्तंभ १ मध्ये 6 आणि स्तंभ ४ मध्ये −2 आहे, बाकी शून्ये. दुसऱ्या मॅट्रिक्सच्या त्याच ओळीत स्तंभ ० मध्ये 9 आणि स्तंभ ४ मध्ये 2 आहे. घातांकाच्या जागी स्तंभाचा क्रमांक ठेवला की ओळ म्हणजे बहुपदीच झाली. स्तंभ सहसा चढत्या क्रमाने ठेवतात, म्हणून तुलनेची दिशा तेवढी उलटते. बेरजेत स्तंभ ० चा 9 आणि स्तंभ १ चा 6 उरतात. स्तंभ ४ मधली पदे एकमेकांना खाऊन टाकतात. प्रत्येक ओळीच्या पहिल्या नोडचा पत्ता एका लहान ॲरेत ठेवायचा आणि वरचाच लूप ओळीओळीने चालवायचा, की मॅट्रिक्सची बेरीज पूर्ण होते.

स्तंभाने चालायचे असेल तर ही रचना अपुरी पडते. मग प्रत्येक नोडला उजवीकडचा आणि खालचा असे दोन पॉइंटर देतात आणि तोच नोड एकाच वेळी ओळीच्या व स्तंभाच्या साखळीत राहतो. अशी दुहेरी साखळी डोनाल्ड कनुथ यांनी १९६८ साली निघालेल्या आपल्या ग्रंथाच्या पहिल्या खंडात सविस्तर मांडली आहे. यात नोड घालताना किंवा काढताना दोन्ही साखळ्या सांधाव्या लागतात. एक सांधा विसरला तर मॅट्रिक्स ओळीने छापल्यावर अगदी बरोबर दिसते. ती स्तंभानेही छापून दोन्हीकडचे नोड मोजले की आकडे जुळत नाहीत, आणि चूक सापडते.

जागा खरोखर किती वाचते? ६४ बिट यंत्रावर ओळ, स्तंभ, किंमत आणि एक पॉइंटर असलेला नोड २४ बाइटचा होतो. लिनक्सवरच्या नेहमीच्या `malloc` मध्ये त्याच्यामागे प्रत्यक्ष ३२ बाइट खर्च होतात. ॲरेतला रकाना ४ बाइटचा, म्हणजे एक नोड आठ रकान्यांइतकी जागा खातो. १००० × १००० च्या मॅट्रिक्समध्ये २००० घटक शून्येतर असतील तर ॲरेला ४० लाख बाइट लागतात, साखळीला ओळींच्या पत्त्यांसह ७२ हजार. पण प्रयोगवहीत नेहमी दिसणाऱ्या ४ × ५ च्या मॅट्रिक्सला ॲरेत ८० बाइट पुरतात, आणि तिच्यातल्या पाच शून्येतर घटकांच्या नोडना १६० लागतात. साधारण आठातला एक घटक शून्येतर झाला की फायदा संपतो. हा हिशेब उदाहरणाबरोबर करून घेतला नाही, तर विद्यार्थी जागा वाचल्याचा निष्कर्ष लिहितो आणि त्याच्या समोरचे उदाहरण नेमके त्याच्या उलट सांगत असते.

दुसरी किंमत वेळेची आहे. ॲरेत कुठलाही घटक थेट हाती येतो. साखळीत तो शोधायला ओळीच्या सुरुवातीपासून चालत जावे लागते, आणि मेमरीत विखुरलेल्या नोडवरून उड्या मारताना प्रोसेसरच्या कॅशेचा उपयोग फारसा होत नाही. म्हणून मोठ्या गणितांत मॅट्रिक्स भरताना लवचीक रचना वापरतात आणि भरून झाली की ती सलग ॲरेंमध्ये दाबून ठेवतात. पायथनच्या सायपाय संचात `lil_matrix` ओळीओळीच्या याद्यांत घटक साठवते आणि प्रत्यक्ष गुणाकारासाठी ती `csr_matrix` मध्ये बदलून घेतली जाते. तिथे शून्येतर किमती आणि त्यांचे स्तंभक्रमांक ओळीच्या क्रमाने सलग मांडलेले असतात, आणि कोणती ओळ कुठे सुरू होते हे तिसरा ॲरे सांगतो. पॉइंटर जातात, शून्यांना जागा न देण्याची रीत मात्र तीच राहते.